डबर आणि चिपा

गणपतीच्या जेवणात माझ्या पानात दुसरा मोदक ठेवता ठेवता भाचा म्हणाला, "मामा, तुझं काय चुकतं सांगू? तू वाळू आधी ओततोस."

विषय निघाला होता एका प्रस्तावनेचा. एका दिवंगत स्नेह्याच्या लेखसंग्रहाला मी चाळीस पानांची प्रस्तावना लिहिणार होतो. अकरा महिने झाले होते आणि लिहून झाली होती नऊ पानं. भाचा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्या मोबाइलवर पुढचा आठवडा निळ्या-हिरव्या चौकोनांनी भरलेला असतो. मोदक मी खाल्ला, पण ते वाक्य घशाखाली उतरेना.

बरणीची गोष्ट वाचकाला ठाऊक असणार. प्रशिक्षणवर्गात सांगतात, व्हॉट्सअॅपवर दर सहा महिन्यांनी फिरून येते. काचेची बरणी घ्यायची, आधी मोठे दगड, मग खडे, मग वाळू, शेवटी पाणी. सगळं मावतं. उलट क्रमाने भरलं तर दगड बाहेर राहतात. एका आवृत्तीत तर शेवटी कॉफीही ओततात, म्हणजे मित्रांसाठी वेळ उरतोच, असा अर्थ. टाळ्या होतात.

मला या गोष्टीचा जुना राग आहे. बरणी आणि दगड एकाच माणसाने आणलेले असतात. घरून निघण्यापूर्वी त्याने एकदा भरून पाहिलेलं असतं. ज्याच्याकडे दगडच बरणीपेक्षा जास्त आहेत, तो हा प्रयोग लोकांसमोर करायला जात नाही.

पण खरं दुखणं वेगळं आहे. मराठीत 'मोठं' आणि 'मोलाचं' असे दोन शब्द आहेत आणि ते एक नाहीत. बरणीत दगड आधी का घालावे लागतात? ते मोलाचे आहेत म्हणून नव्हे. ते फुटत नाहीत आणि वाहत नाहीत म्हणून. वाळूच्या जागी सोन्याची पूड असती, तरी ती शेवटीच ओतली असती आणि फटीफटींत जाऊन बसली असती. प्रयोगातून सिद्ध होतं ते आकाराबद्दल आणि सांगणारा तात्पर्य काढतो मोलाबद्दल.

रविवारी संध्याकाळी आईला दहा मिनिटं फोन करणं मोलाचं आहे, मोठं नाही. त्याला आठवड्यात पहिली जागा नको, एक खुंटी हवी. संध्याकाळचा चहा झाला की फोन, इतकं ठरवलं की झालं. रक्तदाबाच्या गोळीचंही तेच. उलट आमच्या महाविद्यालयात मूल्यांकनाच्या फायली लावायच्या असतात तेव्हा दोन अख्खे दिवस जातात. काम मोठं, अजिबात न फुटणारं, आणि मोल विचारू नका. बरणीचा नियम शब्दशः पाळला तर फायली आधी आणि आई नंतर.

इथे स्टीफन कोवी यांच्यावर थोडा अन्याय होतोय. ही गोष्ट सर्वदूर गेली ती त्यांनी रॉजर आणि रिबेका मेरिल यांच्यासोबत लिहिलेल्या 1994 च्या 'फर्स्ट थिंग्ज फर्स्ट' या पुस्तकामुळे, आणि पुस्तकातली रीत गोष्टीपेक्षा शहाणी आहे. आठवड्यातून एकदा शांत बसायचं. आपण कोण कोण आहोत ते लिहायचं: शिक्षक, मुलगा, शेजारी, लेखक. प्रत्येक भूमिकेसमोर या आठवड्यातली एखाद-दोन खरी कामं मांडायची आणि तीच आधी वार-वेळ घालून वहीत उतरवायची. बाकीचं मागाहून. दिवसाऐवजी आठवडा का, तर दिवस हा जो मोठ्याने ओरडेल त्याचा होतो. आठवड्यात दूरचंही दिसतं आणि चुकलेलं भरून काढायला जागा राहते. माझं भांडण या रीतीशी नाही. भांडण आहे ते काचेच्या बरणीशी आणि भाच्याशी.

भाच्याशी यासाठी, की हा प्रश्न त्याच्याच धंद्यातला आहे आणि त्याला तो ठाऊक असायला हवा. संगणकशास्त्रात पेट्या भरण्याचा प्रश्न म्हणून एक जुनं कोडं आहे. समजा, तुमची प्रत्येक संध्याकाळ तीन तासांची आहे. दोन-दोन तासांची तीन कामं आहेत आणि एकेका तासाची तीन. छोटी आधी उरकली तर ती तिन्ही मिळून पहिली संध्याकाळ खातात, मग मोठ्या तीन कामांना तीन संध्याकाळी. एकूण चार, आणि तीन संध्याकाळींना शेवटचा एकेक तास रिकामा. मोठी आधी मांडली तर प्रत्येकीच्या शेपटाला एक छोटं बसतं आणि तीन संध्याकाळींत सगळं आटोपतं. इथवर भाचा बरोबर.

आता दिवस सात तासांचा धरा. तीन तासांची दोन कामं, दोन तासांची चार. बेरीज चौदा, म्हणजे दोन दिवस पुरायला हवेत. 'मोठं आधी' या नियमाने गेलात तर पहिल्या दिवशी दोन्ही मोठी कामं बसतात, सहा तास, आणि उरलेल्या एका तासात काहीच मावत नाही. दुसऱ्या दिवशी छोटी तीन, पुन्हा एक तास वाया. चौथं छोटं तिसऱ्या दिवसावर. खरं तर दोन मोठी दोन दिवशी विभागून प्रत्येकाजवळ दोन छोटी ठेवली असती, तर दोन दिवसांत काम संपलं असतं. डेव्हिड जॉन्सन यांनी 1973 च्या आपल्या प्रबंधात या नियमाचं माप काढलं: पेट्या पुष्कळ असतील तर तो सर्वोत्तम मांडणीपेक्षा सुमारे बावीस टक्क्यांहून अधिक वाईट जात नाही. म्हणजे नियम चांगला, पण आंधळा. माझ्या कामाचं त्यातून एवढं निघालं, की दोन दगड एका दिवशी ठेवायचे नाहीत.

एवढा वाद मनातल्या मनात जिंकल्यावर वाटलं, करून तर पाहू. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसहा ते नऊ. 'प्रस्तावना' असं वहीत लिहिणं फुकट, तो दगड नव्हे, खाण आहे. म्हणून लिहिलं: 'सोमवारी, स्नेह्याच्या सुरुवातीच्या दहा लेखांबद्दल दोन पानं.'

सोमवारी बसलो. आपण कुठवर आलो होतो हे सापडायलाच पस्तीस मिनिटं गेली. मग गाडी लागली आणि नऊपर्यंत पावणेदोन पानं झाली. हे काम फुटत का नाही ते तेव्हा कळलं. अर्ध्या-अर्ध्या तासाचे पाच तुकडे केले असते तर पाचही वेळा ती शोधाशोधच झाली असती. बुधवारी सात वाजता नळवाला आला. सकाळ गुरुवारवर ढकलली, गुरुवारी परीक्षेचं पर्यवेक्षण निघालं. शुक्रवारी एका सहकाऱ्याचा फोन आला आणि वीस मिनिटांनी संपला तेव्हा चहा थंड आणि वाक्य गायब. तीनपैकी एक.

बरणीचं खोटं इथे उघडं पडलं. काचेतल्या दगडाला नंतर ओतलेली वाळू हलवत नाही. आठवड्यातल्या दगडाला हलवते. आधी ठेवल्याने त्याला जागा मिळते, पण ती टिकत नाही.

मी शाळेत असताना आमच्या गावाला जोडणारा रस्ता झाला, त्याचं सोलिंग मी सुट्टीभर बघत बसलो होतो. नऊ-नऊ इंची डबर ट्रॅक्टरमधून ओतायचे. मग बाया-माणसं एकेक दगड हाताने लावायची, रुंद बूड खाली आणि टोक वर. एवढ्यावर रोलर आला तर दगड डुगडुगतो, कलतो, मुरमात रुततो. म्हणून लावून झाल्यावर मुकादम ओरडायचा, "चिपा मारा रं!" मग छोट्या कपच्या फटींत उभ्या धरून हातोड्याने ठोकायच्या. त्या भुरभुरवत नसत, ठोकत. मुकादम मागून चालत यायचा आणि दगडावर पाय देऊन बघायचा. हलला की पुन्हा चिप. मुरूम त्यानंतर. मला ते चिपा मारणं निव्वळ शोभेचं वाटायचं, कारण वरून मुरूम पसरला की काहीच दिसत नसे.

हा रस्ता मला त्या शुक्रवारी थंड चहा पिताना आठवला. बरणीत छोटं म्हणजे भरताड. सोलिंगात मात्र छोट्याचे दोन प्रकार आहेत. मुरूम पडतो तिथे बसतो. चिप मात्र नेमकी मोठ्याच्या कुशीत ठोकलेली असते, आणि दगड जागच्या जागी राहतो तो तिच्यामुळे. मी इतका वेळ मोठं आणि मोलाचं यांत अडकलो होतो, आणि छोट्याकडे मुळी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी दगड तेच ठेवले, चिपा वाढवल्या. रविवारी रात्री उद्याची पुस्तकं खुणा घालून टेबलावर. उठताना पुढच्या वाक्याची निम्मी ओळ लिहून सोडायची, म्हणजे शोधाशोध पस्तीस मिनिटांवरून दहावर येते. नळवाल्याला आणि सहकाऱ्याला आधीच कळवायचं, नऊनंतर. आणि शनिवारची सकाळ कोरी ठेवायची, तीनांतला एक दगड निसटणार हे धरून. आपला अंदाज कसा चुकतो याचं एक बोलकं माप आहे: 1994 च्या एका अभ्यासात ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. सरासरी अंदाज 34 दिवसांचा होता, लागले 55 हून जास्त. सगळंच बिनसलं तर किती लागतील, याचंही उत्तर 49 च्या आतच होतं. म्हणून शनिवार.

चार आठवड्यांत बारा सकाळींपैकी आठ झाल्या, त्यांतल्या दोन शनिवारी. ज्या चार गेल्या, त्यांतल्या तीनच्या आदल्या रात्री मी चिपा मारल्या नव्हत्या. चौथीला आईला बरं नव्हतं, ती सकाळ गेल्याचं दुःख नाही. प्रस्तावना चोवीस पानांवर आली आहे.

भाच्याला हे सांगावं लागणार आणि तो काय म्हणेल तेही ठाऊक आहे. म्हणेल, "म्हणजे मामा, रात्री पुस्तकं काढून ठेवणं, फोन करणं, ही सगळी छोटी कामं तू दगडाच्या आधीच करतोस की!" करतो. परवा त्याचाही फोन आला होता, निळ्या चौकोनात ठरलेलं त्याचं काम कुणाच्या तरी तातडीच्या बैठकीने तिसऱ्यांदा उडालं म्हणून. मी म्हटलं, त्या चौकोनावर जरा पाय देऊन बघ, हलतो का.

उद्या बुधवार. नळ पुन्हा ठिबकतोय. खाली बादली ठेवली आहे, आणि नळवाल्याला साडेनऊची वेळ दिली आहे.