पाच बाय पाच का घेतली नाहीस?

ही वही धर आणि तुझं उत्तर मोठ्याने वाच. सॅम्पलिंग १२०० हर्ट्‌झ, नॉइजमध्ये दोन साइन लहरी, आणि वारंवारता म्हणून तू लिहिलेस २४६ आणि ९५४. अरे, सॅम्पलिंगच्या निम्म्यापलीकडे, म्हणजे ६०० च्या वर, तुला वारंवारता मिळेलच कशी? ९५४ म्हणजे उणे २४६ च. दोन लहरी मागितल्या होत्या, तू एकच दिलीस, आणि तीही त्या सिग्नलमध्ये नाही!

दोन लहरी म्हणून तू ३×३ मॅट्रिक्स मांडलीस. वर्गात काय सांगितलं होतं? प्रत्येक वास्तव साइन लहर वर्तुळावरच्या मुळांची एक जोडी घेते. दोन लहरींना चार मुळं, चार मुळांना चौथ्या घाताची बहुपदी, तिला पाच सहगुणक. म्हणून मॅट्रिक्स ५×५.

ऑटोकोरिलेशनच्या किमती तुझ्यासमोरच होत्या: r(0) ते r(4) अनुक्रमे २.५, ०.५, −१.५, −१, ०.५. शेवटच्या दोन तू वापरल्याच नाहीस. आता ५×५ मांड. सर्वांत लहान आयगेनव्हॅल्यू ०.५ येते, तोच नॉइजचा पॉवर. तिचा व्हेक्टर (१, −१, २, −१, १). पहिल्या ओळीशी गुणून बघ: २.५ − ०.५ − ३ + १ + ०.५, बरोबर ०.५. त्या व्हेक्टरची बहुपदी z⁴ − z³ + 2z² − z + 1, म्हणजेच (z² + 1)(z² − z + 1). मुळांचे कोन ९० आणि ६० अंश, म्हणजे ३०० आणि २०० हर्ट्‌झ.

आणि ‘सर, माझी मुळं वर्तुळावरच आली होती’ हे मला ऐकवू नकोस. टोप्लिट्झ मॅट्रिक्सच्या सर्वांत लहान, एकेरी आयगेनव्हॅल्यूची मुळं वर्तुळावरच येतात, मॅट्रिक्सचा आकार चुकला तरी. तुझा ०.७२ नॉइज आणि १.७८ पॉवरची २४६ हर्ट्‌झची लहर पहिल्या तीन किमतींशी तंतोतंत जुळते. म्हणूनच हे उत्तर फसवं आहे. त्या लहरीवरून r(3) काढायला एक मिनिट लागलं असतं. येतं −१.३४, वहीत −१ आहे. तिथेच थांबायला हवं होतं.

लहरी किती ते ठाऊक नसेल तर मॅट्रिक्स वाढवत जा. ५×५ ला किमान किंमत ०.५ वर टेकते, ६×६ ला तीच दोनदा येते. मोजक्या सॅम्पल्सवरून काढलेल्या ऑटोकोरिलेशनमध्ये मात्र त्या दोन किमती हुबेहूब सारख्या येणार नाहीत, नुसत्या जवळ येतील. किती जवळ म्हणजे सारख्या, हे सॅम्पल्सच्या संख्येवर ठरतं. ६×६ आजच करून दाखव, दोन्ही व्हेक्टरसकट.