वहिनी आल्या की गप्प होणारे मित्र

जोडीदाराच्या मित्रांशी आपलं नातं जरा विचित्र असतं. आपण त्यांना निवडलेलं नसतं, त्यांनीही आपल्याला निवडलेलं नसतं. तरी दोन-तीन वर्षं एकत्र चहा, मिसळ, लग्नं आणि दवाखाने झाले की ते आपलेही होतात. मग कधीतरी त्यातला एखादा अचानक बदलतो. आपण आलो की बोलणं थांबतं, मोबाइल हातात येतात, थट्टा करणारा माणूस एकदम अदबीनं बोलायला लागतो. अशा वेळी मनात येणारा पहिला प्रश्न असतो, ‘यांना असं काय माहीत आहे, जे मला माहीत नाही?’ पण त्याच्या मागे आणखी एक प्रश्न आहे, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांना माहीत असेल, तर ते मला सांगणं त्यांचं कर्तव्य आहे का? आणि ते त्यांच्याकडून काढून घेण्याचा मला हक्क आहे का?

आम्ही कळंब्यात राहतो. माझ्या नवऱ्याचा शाळेपासूनचा पाच जणांचा गट आहे. रविवारी संध्याकाळी हे सगळे कळंबा तलावाच्या बांधावर जमतात. मीही बऱ्याचदा जाते. “काय वहिनी, आज लवकर आलासा?” असं म्हणून जागा करून देणारी ही माणसं. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर त्यांच्यात फरक पडला. पाचातला एक यायचाच बंद झाला. दुसरा, जो आमच्या घरी आठवड्यातून दोनदा जेवायला असायचा, तो फाटकातूनच परत जायला लागला. बाकीचे होते तसेच होते, फक्त थोडे जास्त गोड बोलायला लागले होते.

त्याच सुमारास आम्ही गारगोटी रस्त्याच्या बाजूला एक फ्लॅट बघत होतो. बुकिंगची रक्कम माझ्या बचतीतून जाणार होती. बांधावर फ्लॅटचा विषय निघाला की शांतता पसरायची. माझ्या ऑफिसचा, आईच्या गुडघ्याचा, गणपतीच्या वर्गणीचा विषय निघाला की बोलणं पुन्हा सुरू व्हायचं. म्हणजे ते माझ्यामुळे गप्प होत नव्हते, एका विषयामुळे होत होते. हा फरक मला फार उपयोगी पडला.

मित्रांच्या अवघडलेपणाची कारणं साधारण तीन प्रकारची असतात. त्यांना आपल्या जोडीदाराबद्दल काहीतरी माहीत असतं. किंवा त्यांना आपल्याबद्दल काहीतरी वाटत असतं, म्हणजे राग, ओढ, हेवा, नाहीतर आपल्यामुळे मित्र दुरावला ही खंत. किंवा त्यांचं आपसातच काही बिनसलेलं असतं आणि आपण फक्त मध्ये येतो. एकच माणूस अवघडला असेल आणि विषय कुठलाही असला तरी अवघडत असेल, तर बहुधा ते त्याच्या मनातलं काहीतरी असतं. अनेक जण एकाच विषयाला थांबत असतील, तर त्यांना एकच गोष्ट माहीत असण्याची शक्यता जास्त. जोडीदार सोबत नसताना ते मोकळे होतात की आणखी आखडतात, हेही बघावं. पण यातून एवढंच कळतं की काहीतरी आहे. काय आहे, ते यातून कळत नाही.

माणूस इथेच घसरतो. पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली खोटेपणावर लिहिलेल्या पुस्तकात या घसरण्याला ऑथेल्लोचं नाव दिलं. आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलं ते ‘झुंझारराव’ या नावाने, १८९० मध्ये. त्या नाटकातला नवरा बायकोची घाबरगुंडी बघतो आणि तिला गुन्ह्याचा पुरावा समजतो. बायको घाबरलेली असते हे खरंच असतं. पण ती पकडली जाण्याच्या भीतीने नाही, तर आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही या भीतीने घाबरलेली असते. दोन्ही भीती चेहऱ्यावर सारख्याच दिसतात. नवऱ्याचा मित्र माझी नजर टाळतो, हे मी बघू शकते. तो का टाळतो, हे मात्र माझ्या मनातली भीती मला सांगत असते, त्याचा चेहरा नाही.

मग माणसं नजर का टाळतात? १९७० मध्ये सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या दोघांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक निरोप द्यायला सांगितला होता, दुसऱ्या एका मुलाने घरी फोन करायचा आहे. काहींना सांगितलं की बातमी चांगली आहे, काहींना सांगितलं की वाईट आहे. चांगल्या बातमीवाल्यांनी सहसा पूर्ण निरोप दिला. वाईट बातमीवाल्यांपैकी पुष्कळांनी ‘घरी फोन कर’ एवढंच सांगितलं आणि बातमी वाईट आहे हे गाळलं. त्या बातमीत त्यांचा काहीच दोष नव्हता, तरी त्यांची जीभ अडली. गप्प बसलेला माणूस कटात सामील असतोच असं नाही. वाईट बातमी आपल्या तोंडून जाऊ नये, एवढंही कारण त्याला पुरतं.

एका संध्याकाळी घरी येणं बंद केलेला तो मित्र मला भाजीच्या गाडीजवळ भेटला. मी त्याला काय झालंय हे विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्याच्यापुढे दोनच रस्ते उरले असते, मित्राचा शब्द मोडणं किंवा माझ्याशी तोंडावर खोटं बोलणं. माझ्या जिवाला धोका असता, तर मी त्याला या कोंडीत नक्की टाकलं असतं. तसं काही दिसत नव्हतं. म्हणून मी म्हटलं, “भाऊजी, मला काही सांगू नका. पण काहीतरी आहे हे मला कळलंय, एवढं त्याला सांगा.” तो बराच वेळ पिशवीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “वहिनी, मी त्याला कवाचं सांगालोय.”

त्या रात्री मी नवऱ्याला विचारलं. ‘तुझं काय चाललंय’ असं मोघम नाही, तर ‘फ्लॅटचा विषय निघाला की सगळे गप्प का होतात’ असं नेमकं. नेमक्या प्रश्नाला ‘काही नाही गं’ म्हणणं अवघड जातं. त्याने सांगितलं. बांधावर यायचा बंद झालेल्या मित्राने एका पतसंस्थेतून चार लाखांचं कर्ज घेतलं होतं. माझा नवरा आणि घरी यायचा बंद झालेला मित्र, दोघे जामीन राहिले होते. सात हप्ते थकले होते, मुद्दल आणि व्याज मिळून दोन लाख साठ हजार येणं होतं आणि दोघा जामीनदारांना नोटीस आली होती. नवऱ्याने मित्रांना बजावलं होतं, “घरात बोलू नका, मी मिटवतो.”

जामिनावर सही करताना बहुतेकांना वाटतं की आपण फक्त ओळख देतोय. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ वेगळंच सांगतं. करारात दुसरं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. दोन जामीनदार आहेत म्हणून संस्थेने निम्मे-निम्मेच मागावेत असंही नाही, ती सगळी रक्कम एकाकडे मागू शकते. ज्याने भरली त्याने मग दुसऱ्याकडून त्याचा वाटा वसूल करायचा. म्हणजे आमच्या घरावर दोन लाख साठ हजारांचं ओझं येऊ शकत होतं, आणि त्याच महिन्यात मी माझी बचत बुकिंगला देणार होते.

आता मूळ प्रश्न. मित्रांनी गप्प राहणं बरोबर होतं का?

महाभारतात कर्णाच्या जन्माचं गुपित कृष्णाला ठाऊक आहे, कुंतीला ठाऊक आहे. युद्धाआधी कर्ण स्वतःच कृष्णाला सांगतो की युधिष्ठिराला हे कळू देऊ नकोस. ज्याचं गुपित, त्यानेच गप्प राहायला सांगितलं, मग बोट कुणाकडे दाखवायचं? तरी युद्ध संपल्यावर युधिष्ठिर कळवळतो, आईवर चिडतो. त्याची तक्रार खरी आहे, कारण त्या गुपिताची किंमत त्यानेही मोजली. नकळत भावाला मारल्याचा भार त्याच्या डोक्यावर बसला.

मला यातून एक कसोटी सापडते. गुपिताची किंमत जोवर ते सांगणाराच मोजतो आहे, तोवर ते त्याचं आहे आणि मित्राने ते राखावं. नवऱ्याला नोकरीत अपमान सहन करावा लागला, जुन्या प्रेमाची आठवण आली, डॉक्टरांकडे जायची लाज वाटली, हे मित्रांना आधी कळलं तर माझी तक्रार नाही. त्याला माझ्याबाहेरही एक जागा हवी. पण दुसरं कुणी अंधारात राहून सही करणार असेल, पैसे देणार असेल, शरीराची जोखीम घेणार असेल, तर ते गुपित एकट्याचं राहत नाही. तरीही मित्राने लगेच माझ्याकडे धावत यावं असं मी म्हणणार नाही. आधी त्याने आपल्या मित्राला मुदत द्यावी, ‘पैसे भरायच्या आत तू सांग, नाहीतर मी सांगतो.’ मुदत टळली तर मात्र गप्प बसणं म्हणजे बाजू घेणं होतं.

नंतर कळलं की फाटकातून परत जाणाऱ्या मित्राने जवळजवळ हेच केलं होतं. “वहिनींना सांगितल्याशिवाय तुझ्या घरात जेवणार नाही,” असं त्याने नवऱ्याला सांगितलं होतं. मला सगळ्यात जास्त टोचलेलं वागणं त्याचं होतं, आणि माझा सगळ्यात जास्त विचारही त्यानेच केला होता. माझ्या हातची भाकरी खात माझ्यापासून लपवणं त्याला जमत नव्हतं. ज्यांना जमत होतं ते हसत-खेळत बोलत राहिले आणि मला त्यांचा कधी संशयही आला नाही.

म्हणून अवघडलेल्या माणसावर रागावताना मी आता जरा थांबते. प्रत्येक अवघडलेपणामागे सज्जनपणा असतो असं नाही. कुणाला आपण खरंच आवडेनासे झालेलो असतो, आणि तो त्याचा हक्क आहे. पण ज्याला आपल्यासमोर सहज खोटं बोलता येतं, त्याला गप्प व्हायची गरज पडत नाही. गप्प होणाऱ्याच्या आत निदान काहीतरी झगडत असतं. तो झगडा त्याच्यावर आणखी लादायचा नाही. तिथून कळलेला नेमका प्रश्न उचलायचा आणि उत्तर देणं ज्याचं काम आहे त्याच्यासमोर ठेवायचा. कर्जाची नोटीस जामीनदाराच्या नावाने येते, तसा हा प्रश्नही जोडीदाराच्या नावाने जायला हवा, त्याच्या मित्रांच्या नाही.