नकाराचें सौजन्य

गेल्या दिवाळीपूर्वीं आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो एका कारखान्याच्या खरेदी-विभागांत नोकरीस आहे. खोक्यांचा पुरवठा करणारे एक वृद्ध गृहस्थ त्याच्या घरीं सुक्या मेव्याची पेटी ठेवून गेले होते. तींत एक चांदीचें नाणेंहि निघालें. कंपनीच्या नियमाप्रमाणें पुरवठादाराकडून डायरी-कॅलेंडरापलीकडे कांहीं घेतां येत नाहीं, आणि नव्या वर्षाचीं दरपत्रकें त्याच आठवड्यांत उघडावयाचीं होतीं. "सर, परत करावी तर काकांचा अपमान, ठेवावी तर नियमभंग. मला मधुमेह आहे असें सांगूं का?"

आम्हीं म्हटलें, तेवढें करूं नकोस. सबब एकाच वस्तूस लागू पडते. मेवा परत गेला, तर पुढील वर्षीं तुझ्या आईसाठीं पैठणी येईल. कारण वस्तु चुकली, देणें चुकलें नाहीं, एवढाच बोध त्या गृहस्थांस होईल. खरें कारण सांगण्यांतच अधिक आदर आहे.

पण त्यांचा स्नेह खरा असेल तर? तो खरा असूं शकेल, आणि नियमास तो तपासावयाचाच नसतो. नियम पाहतो तें घेणाऱ्याचें मन. दोन दरपत्रकें जवळजवळ सारखीं निघालीं म्हणजे फेरबोलणीसाठीं आधीं कोणास बोलवावें, हें कोणत्याच कागदावर लिहिलेलें नसतें. मेव्याची आठवण नेमकी तेथें काम करते, आणि आपणांस तें कळतहि नाहीं. म्हणून स्वतःस एकच प्रश्न विचारावा: ही पेटी दुसऱ्या पुरवठादारासमोर उघडून दाखवतां येईल काय?

नियम माणुसकीचा शत्रु मात्र नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरांसाठीं 1964 सालीं केलेल्या वर्तन-नियमांत प्रसंगोपात्त जेवण ही भेट मानलेली नाहीं. कामाचा संबंध असलेल्या व्यापाऱ्याकडील थाटाचा वा वारंवारचा पाहुणचार तेवढा टाळावयास सांगितला आहे. भेटीस गेल्यावर पुढें आलेला चहा नाकारणें हा निव्वळ उद्धटपणाच होय.

विद्यार्थ्यानें प्रथम वरिष्ठांस लेखी कळविलें. मग पेटी नाण्यासह स्वतः नेऊन दिली. शिपायाकरवीं परत धाडणें त्यास बरें वाटलें नाहीं. तो म्हणाला, "काका, आपण आठवण ठेवलीत, आनंद झाला. पण आमच्याकडे कोणाकडूनच घेतां येत नाहीं, आणि मलाहि तें पटतें. चहा मात्र घेऊन जाईन." 'मलाहि पटतें' हे शब्द महत्त्वाचे. केवळ नियमामागें लपणारा मनुष्य, नियम नसता तर घेतलें असतें, असेंच सुचवीत असतो.

वृद्ध गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "खरें सांगूं? एवढ्या पेट्या वाटतों त्या भीतीनें. दुसऱ्यानें दिली आणि माझी राहिली तर?"

आपण नकार देऊन त्यांचें मन दुखवूं, असें आम्ही समजत होतों. त्या नकारानें त्यांच्या डोक्यावरचें एक ओझेंच उतरलें होतें.