कापलेलं आणि ठेवलेलं

संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावात पाण्यावर सभा झाली. तिथे एक निवृत्त गुरुजी अकरा मिनिटं चाळीस सेकंद बोलले. ध्वनिमुद्रण माझ्याकडे आलं. प्रसारणाला मिळणार होती बरोबर पाच मिनिटं. म्हणजे 700 सेकंदांतले 400 मी काढायचे आणि उरलेल्या 300 मध्ये गुरुजी जे म्हणाले तेच राहायला हवं. ते काम मी कशाच्या जोरावर केलं, हे आज स्वतःला विचारतो आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी खारं, आणि किडनीचे आजार गावोगाव ऐकू येतात. मी स्वतः याच पट्ट्यातला आहे. ऐकणाऱ्याला चीड यावी, अशी माझी इच्छा होती. संपादनाला बसण्याआधीच ती माझ्या हातात होती, आणि खरा धोका तिचाच होता.

पहिली कात्री सोपी होती. मंचावरच्या मान्यवरांची नावं, आभार आणि प्रास्ताविक मिळून 95 सेकंद गेले. गुरुजी शिक्षक, महत्त्वाचं वाक्य दोनदा सांगतात. एकेकदाच ठेवलं तर 110 सेकंद वाचत होते. पण कुठली खेप ठेवायची? दुसऱ्या खेपेला आवाज ठाम असतो, ऐकायला छान लागतो. मात्र टीडीएसचा आकडा त्यांनी पहिल्यांदा सांगितला तेव्हा तो उन्हाळ्यात मोजलेला आहे, असंही म्हटलं होतं. दुसऱ्या वेळी फक्त आकडा होता, 2000 च्या वरचा. पिण्याच्या पाण्यासाठी दुसरा पर्यायच नसेल तेव्हाची कमाल मर्यादाही भारतीय मानकात तेवढीच आहे. उन्हाळा वगळला की एका मोसमातली मोजणी बारा महिन्यांची होते. मी पहिली, जराशी अडखळती खेप ठेवली.

मग विषयांतराचे 75 सेकंद निघाले. उरले 420.

इथून पुढे प्रत्येक सेकंद गुरुजींच्या मुद्द्यातून जाणार होता. त्यांनी तीन घरं सांगितली होती. दोन घरांत आजारी माणसं, त्यांतल्या एकाला डायलिसिससाठी तालुक्याबाहेर न्यावं लागतं. तो प्रवास त्यांनी इतका जिवंत सांगितला की सभेत कुणी हललं नसेल. तिसऱ्या घराचा उल्लेख तीनच वाक्यांचा, कोरडा. त्याच बोअरचं पाणी तितकीच वर्षं पिऊन तिथे कुणीही आजारी नाही. म्हणून पाणी हे एक कारण असावं, पण एकमेव आहे का ते तपासायला हवं, आणि तपासणी होईपर्यंत गावाला गोडं पाणी मिळालंच पाहिजे, अशी त्यांची मागणी.

मला प्रवास ठेवायचा होता आणि तिसरं घर काढायचं होतं. कापलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, कारण उरलेलं प्रत्येक वाक्य गुरुजींचंच असतं. पण तपासणीची मागणी त्या तिसऱ्या घरावर उभी होती. ते गेलं की मागणीला कारणच उरत नाही आणि भाषण नुसता आरोप होतं. मी प्रवासाचे 80 सेकंद काढले. अजूनही ते मनात सलतात. पण ते माझ्या आवडीचे होते, त्यांच्या युक्तिवादाचे नव्हते.

उरले 340. श्वास आणि विराम आखडून 22 सेकंद मिळाले, आणि पहिल्या घराच्या तपशिलातून 18. बरोबर 300 झाले. वाक्याच्या मध्ये कुठेही कापलं नाही. मराठीत ‘नाही’, ‘असावं’, ‘असं डॉक्टर म्हणतात’ हे सगळं शेवटी येतं. तिथे दोन शब्द सुटले तर दुसऱ्याचा अंदाज बोलणाऱ्याची ग्वाही होतो. वाक्यांचा क्रमही बदलला नाही. सांध्यांखाली त्याच सभागृहाच्या पंख्याचा आवाज घातला, नाहीतर दोन तुकड्यांमध्ये पोकळी ऐकू येते.

मूळ भाषण न ऐकलेल्या एका शेजाऱ्याला हा तुकडा ऐकवला आणि गुरुजी काय म्हणाले, एवढंच विचारलं. “पाण्यानंच किडनी जाते म्हणतात,” तो म्हणाला. शब्द सगळे जागेवर होते, तरी असं का? फिरून ऐकलं तेव्हा उमगलं. ‘एकमेव आहे का’ याआधी गुरुजी जवळजवळ तीन सेकंद थांबले होते, आणि आखडताना तो विराम अर्धा सेकंद झाला होता. ती शंका मागच्या ठाम वाक्याला चिकटून निघून जात होती. विराम पूर्ण परत केला. जादा झालेले अडीच सेकंद पहिल्या घराच्या वर्णनातलं आणखी एक छोटं वाक्य काढून भरून काढले. सगळं भाषण किंचित वेगात चालवूनही तेवढे मिळाले असते, पण मग तो थांबाही आखडला असता आणि सावकाश बोलणारे गुरुजी घाईत वाटले असते.

नंतर गुरुजींना फोनवर ऐकवलं. प्रवास गेल्याचं त्यांना वाईट वाटलं, ते त्यांनी सांगितलं. तिसरं घर आहे ना, हे दोनदा विचारून घेतलं. निवेदनात ‘भाषणाचा संक्षिप्त भाग’ असं म्हणायला मी सांगितलं, आणि पूर्ण ध्वनिमुद्रण मूळ नावानं वेगळं जपून ठेवलं. कुणी विचारलं तर काढलेले 400 सेकंद मला दाखवता आले पाहिजेत.