अंबारीत भ कुठून आला?

नॉयडातल्या एका कन्नड घरातल्या नववीच्या मुलीने म्हैसूरच्या दसऱ्यावर लिहिलेला निबंध माझ्यासमोर आहे. मजकूर चांगला आहे. बाहुल्यांची आरास, विजयादशमीची मिरवणूक, हत्तीवरच्या सोन्याच्या अंबारीत बसलेली चामुंडेश्वरी, सगळे तिने मन लावून लिहिले आहे. शिक्षिकेने मात्र चार शब्दांभोवती लाल गोल काढले आणि समासात एवढेच लिहिले : अल्पप्राण-महाप्राण पाहा. चारही गोल सारखेच, पण त्यांतल्या चुका सारख्या नाहीत.

पहिला शब्द ‘आयुद पूजे’. हवे होते ‘आयुध’. बोलण्यात बहुतेक कन्नडिग महाप्राण सोडतात, त्यामुळे घरी तिने ‘आयुद’च ऐकले असणार. कन्नड लिपीत द आणि ध यांत फरक फक्त खालच्या छोट्या उभ्या रेघेचा, तेव्हा रेघ राहून गेली असेल असेही वाटते. पण तिने शब्द दोनदा लिहिला आहे आणि दोन्हीकडे रेघ नाही. म्हणजे हात घसरलेला नाही, कानाने सांगितले तेच उतरले आहे. याच निबंधात ‘भक्ति’ आणि ‘विद्यार्थि’ मात्र अचूक आहेत. कारण हे शब्द ती दिल्लीच्या हिंदीत रोज ऐकते. तिथे अशा पूजेला ‘शस्त्रपूजा’ म्हणतात, म्हणून ‘आयुध’पाशी हिंदीचा आधार संपला.

दुसरा आणि तिसरा शब्द उलट्या दिशेचे. ‘ओंबत्तु’ म्हणजे नऊ, तो तिने ‘ओंभत्तु’ केला. ‘अंबारि’चे ‘अंभारि’ केले. ही चूक कर्नाटकातही सर्रास होते, ‘ओंभत्तु’ तर पाट्यांवरही दिसतो. ब लिहिला तर अशुद्ध ठरेल या धास्तीने माणूस भ लिहून टाकतो. पण ‘ओंबत्तु’मध्ये शेवटी दडलेला आहे ‘पत्तु’ म्हणजे दहा. दहाला एक कमी. त्यातला प अनुनासिकाशेजारी येऊन ब झाला, महाप्राणाला तिथे कारणच नाही. अस्सल कन्नड शब्दांत ख, घ, ध, भ जवळजवळ येतच नाहीत; ते येतात मुख्यतः संस्कृतातून आणि थोडे इतर भाषांतून. एवढे एक सूत्र हाती असले की ‘हब्ब’, ‘बोंबे’, ‘बन्नि’ लिहिताना मुलीला घाबरावे लागणार नाही. ‘अंबारि’ला हे सूत्र लागत नाही, तो शब्द बाहेरचा आहे. पण तो आपल्या मराठीतही आहे, हिंदीतही आहे, आणि दोन्हीकडे ब आहे.

चौथी चूक दिल्लीतच समजावी अशी आहे : ‘शांथि’. कन्नडमध्ये त आणि थ यांची घडण वेगळी, इथे रेघ विसरण्याचा प्रश्न नाही. दक्षिणेत रोमन लिपीत नाव लिहिताना त साठी ‘th’ वापरतात, कारण नुसता ‘t’ ट साठी राखलेला असतो. घरातल्या आत्याचे नाव लग्नपत्रिकेवर Shanthi असेच छापलेले. उत्तरेत मात्र ‘th’ म्हणजे थ. शाळेत तीच सवय लागलेल्या मुलीने आत्याचे नाव रोमनमधून वाचले आणि कन्नडमध्ये उतरवले. अशा मुलांना नावे रोमनमध्ये न दाखवता थेट कन्नडमध्ये दाखवावीत, एवढाच याला उपाय.

भाषाशास्त्रज्ञ डी. एन. शंकर भट यांनी कन्नड लेखनातून महाप्राण अक्षरे काढूनच टाकावीत असे मांडले होते. उच्चारात नाही ते लिहिण्याची सक्ती कशाला, आणि तिचा भार गरीब घरच्या मुलांवर अधिक पडतो, हा त्यांचा मुद्दा. खेड्यातल्या मुलासाठी त्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पण मग ‘मद्य’ आणि ‘मध्य’ एकाच रूपात लिहायची वेळ येते. शिवाय नॉयडातल्या या मुलीची अडचण उलटी आहे. ध आणि भ तिच्या कानाला परके नाहीत. ते काढून टाकले तर हिंदीतून कन्नडकडे जाणारी तिची ओळखीची वाट बुजेल.

मराठी घरांतही महाप्राणाची अशी गफलत घडते. हिंदीत ‘हाथ’, ‘भूख’, ‘भीख’, ‘सीखना’. मराठीने शेवटचा महाप्राण सोडून ‘हात’, ‘भूक’, ‘भीक’, ‘शिकणे’ केले. दिल्लीत वाढलेले मराठी मूल गणपतीच्या निबंधात ‘हाथ जोडले’ लिहिते तेव्हा त्याला शुद्धलेखन येत नाही असे नसते, ते शेजारच्या भाषेचे शुद्धलेखन पाळत असते.

लोदी इस्टेटमध्ये दिल्ली कन्नड शाळा आहे, सीबीएसईत कन्नड हा विषयही आहे. शिकवण्याची सोय नाही असे नाही. मला हवा आहे लाल शाईचा वेगळा वापर. ‘आयुद’वर लिहावे : संस्कृत शब्द, ध. ‘ओंभत्तु’वर : आपला शब्द, ब. ‘अंभारि’वर : हिंदीत कसा लिहितेस, आठव. आणि ‘शांथि’वर : आत्याकडून तिचे नाव कन्नडमध्ये लिहून घे.