तेल सुटेपर्यंत

मराठी पाककृतीत एक वाक्य हमखास सापडते: "मसाल्याला तेल सुटेपर्यंत परतावे." सुटते म्हणजे नेमके काय? कांदा, टोमॅटो, खोबरे यांच्या वाटणात जोवर पाणी असते तोवर तेल त्यात बारीक थेंबांनी अडकून राहते. पाणी उडाले की ते मोकळे होऊन कढईच्या कडेला येते. म्हणजे खूण खरी आहे, वाटण शिजल्याचीच आहे; पण ती डोळ्यांना दिसायची तर आधी तेल भरपूर घातलेले असावे लागते. दोन चमचे तेलात परतलेले वाटणही वेळेवर शिजते, कच्चा वास जातो, रंग बदलतो, फक्त कडेला काही चमकत नाही. मग हात पुन्हा बुधलीकडे जातो. रश्श्यावरची तर्री, शंकरपाळ्यातले मोहन, घडीच्या पोळीचे पदर या सगळ्यांचे असेच आहे. आपल्या स्वयंपाकघरात स्निग्ध पदार्थ चवीसाठी घातला जातो तितकाच पदार्थ जमल्याचा पुरावा म्हणूनही घातला जातो, आणि पुराव्याला माप नसते. घरच्या जेवणातून जास्तीची ऊर्जा पोटात जाते ती मुख्यतः या वाटेने, असे माझे म्हणणे आहे.

हे तपासायला भिलाईइतके सोयीचे गाव नाही. 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून इथला पोलाद कारखाना उभा राहिला आणि 1959 च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली. विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांनी सेक्टरांतल्या क्वार्टरांत जे स्वयंपाकघर मांडले ते अंगमेहनतीच्या घराचे होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या हिशेबात 65 किलो वजनाच्या, जड काम करणाऱ्या पुरुषाला रोज सुमारे 3470 किलोकॅलरी लागतात. तोच पुरुष बैठे काम करू लागला की 2110 पुरतात. मधले अंतर 1360 चे आहे, म्हणजे जवळजवळ दोन वेळचे जेवण. भट्टीसमोरचे काम नियंत्रण कक्षात गेले, सायकलीच्या जागी स्कूटर आली, पुढच्या पिढीने संगणकासमोर खुर्ची धरली. पळी मात्र तीच राहिली. आणि जिला त्या 3470 कधीच लागत नव्हत्या ती घरातली बाई (बैठ्या कामाला तिची गरज 1660 ची) त्याच कढईतले जेवत आली आहे.

एक भाजी घेऊन पाहू, तीही साधी, "हलकी" म्हणून केली जाणारी: दोडक्याची. चौघांसाठी अर्धा किलो दोडका. भाजी म्हणून त्यात शंभर कॅलरीही नाहीत, कारण दोडका बहुतेक पाणीच. फोडणीला तीन मोठे चमचे तेल, म्हणजे 45 मिलिलिटर, वजनाने साधारण 41 ग्रॅम. स्निग्धांशाच्या प्रत्येक ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणून झाल्या 370. वरून दाण्याचे कूट, मूठभर, 40 ग्रॅम: सव्वादोनशे कॅलरी, त्यांतला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग दाण्यातल्या तेलाचाच. एकूण पावणेसातशेच्या आसपास. चौघांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाटीत 170 कॅलरी आल्या आणि त्यांत दोडक्याच्या वाट्याच्या जेमतेम वीस. ताटाकडे पाहणाऱ्याला तिथे हिरवी भाजी दिसते. हिशेब मांडला तर ती दोडका मिसळलेले तेल आणि कूट आहे. कूट वाईट असे मी म्हणत नाही, त्यात प्रथिने आहेत, तंतू आहेत. पण ते घालताना आपण तेल घालतो आहोत, हे कुणाच्या ध्यानातही नसते.

ताटातले तेल मोजणे जवळजवळ अशक्य असते. थोडे भाजीत, थोडे वरणाच्या फोडणीत, थोडे पोळीच्या घडीत, थोडे पापडात. ते मोजायची योग्य जागा म्हणजे महिन्याचा डबा. समजा चार प्रौढांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा एक कॅन आणि लिटरभर तूप संपते. मराठी मध्यमवर्गीय घराला हे काही अधाशी प्रमाण वाटणार नाही. पाच लिटर तेल वजनाने साडेचार किलोंच्या किंचित वर भरते. चार माणसे, तीस दिवस, म्हणजे 120 वाटे, दर वाट्याला 38 ग्रॅम. तुपाचे साडेसात. एकूण 45 ग्रॅम, म्हणजे चारशेवर कॅलरी. 2000 कॅलरींच्या रोजच्या ताटासाठी पोषण संस्था वरून घातलेल्या तेलातुपाला 27 ग्रॅम देते, सुक्या मेव्याचा आणि तेलबियांचा वाटा वेगळा ठेवून. आता न दिसणारे मिळवा. सहा टक्के स्निग्धांशाचे मलईदार दूध रोज लिटरभर घेतले तर माणशी 15 ग्रॅम. टोन्ड दूध घेतले तर त्याच्या निम्मे. महिन्याला किलोभर शेंगदाणे आणि पाव किलो सुके खोबरे यांतून आणखी पाचेक ग्रॅम. बेरीज पासष्टच्या घरात. 1660 ची गरज असलेल्या बाईच्या बाबतीत हा ऊर्जेचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग झाला, आणि अजून धान्या-डाळीतला स्निग्धांश धरलेलाच नाही. जागतिक आरोग्य संघटना तीस टक्क्यांवर थांबायला सांगते.

या गणितात एक चूक सहज होते. तूप घरच्या सायीचे असेल तर ते दुधातूनच आलेले आहे. दुधाचा स्निग्धांश धरला आणि तूपही धरले तर तेच दोनदा मोजले जाते. पिशवीवरचे निव्वळ वजन वाचणेही आवश्यक आहे, कारण लिटरला 910 ग्रॅम हे जुने समीकरण आता प्रत्येक पिशवीला लागू पडत नाही. सारख्याच दिसणाऱ्या काही पिशव्या त्याहून हलक्या असतात. पाहुणे, फेकलेले तळण, कढईला चिकटलेले तेल यांमुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. घरात प्रत्येकाचा वाटाही सारखा नसतो. एवढी ढिलाई मान्य करूनही 27 आणि 45 यांमधली दरी बुजत नाही.

त्या 18 ग्रॅमचे, म्हणजे रोजच्या 160 कॅलरींचे शरीरात काय होते? जुन्या पद्धतीने इतक्या कॅलरींना इतके किलो असा त्रैराशिकाचा हिशेब केला तर माणूस दहा वर्षांत फुगून फुटायला हवा, आणि तसे होत नाही. वजन वाढले की शरीराचा खर्चही वाढतो आणि काटा एका जागी ठरतो. अमेरिकेतल्या केविन हॉल यांनी सहकाऱ्यांबरोबर 2011 मध्ये मांडलेला ढोबळ नियम असा: रोज 24 कॅलरींचा कायमचा फरक शेवटी एक किलो वजनाचा फरक करतो, त्यातला निम्मा साधारण वर्षभरात. त्या मापाने 160 कॅलरी म्हणजे सहा-सात किलो. चाळिशीत "उगाच" सुटलेले पोट बहुतेकदा याच आकाराचे असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: तेलातुपाने पोट भरते, मग माणूस पोळी कमी खातो, हिशेब आपोआप जुळतो. ऐकायला पटते. हेच 1987 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासले. चोवीस स्त्रियांना दोन-दोन आठवडे कमी, मध्यम आणि जास्त स्निग्धांशाचे जेवण दिले. फरक त्यांना कळू दिला नाही आणि हवे तेवढे खायची मुभा ठेवली. मध्यमच्या तुलनेत कमी स्निग्ध जेवणात त्यांनी अकरा टक्के कमी ऊर्जा घेतली, जास्त स्निग्ध जेवणात पंधरा टक्के जास्त. हात थांबतो तो बराचसा अन्नाच्या आकारमानावर, आणि चमचाभर तेलाने भाजीची वाटी फुगत नाही. दोन आठवडे हा काळ थोडा आहे, हे खरे. पण भरपाई होत असती तर ती पहिल्या काही दिवसांत दिसायला हवी होती.

दुसरा आक्षेप तुपाचा: तेल वाईट, तूप औषध. तुपातली आम्ले वेगळी, वास वेगळा, पचनाविषयीची मते वेगळी, हे सगळे मान्य. ऊर्जेच्या हिशेबात मात्र चमचाभर तूप आणि चमचाभर शेंगतेल सारखेच, चाळीस कॅलरी. घाण्याच्या तेलालाही हेच लागू. "आजोबा वाटीभर तूप प्यायचे" ही आठवण तर सरासरीला मुळीच धरून नाही. पन्नासच्या दशकात देशात माणशी खाद्यतेल वर्षाला सुमारे 3 किलो होते. आज हॉटेले आणि फरसाण धरून ते 19 किलोंच्या घरात आहे. एखादे आजोबा पीतही असतील. त्यांच्या गावातल्या बाकीच्यांच्या भाकरीला कोरडी चटणी होती.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे. भारतीय माणूस मुळात भात आणि गव्हातून जगतो. 2025 च्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत ऊर्जेचा 62 टक्के भाग पिष्टमयच निघाला, आणि छत्तीसगड तर भाताचे कोठार. मग तेलाच्या मागे का लागायचे? भाताचा प्रश्न आहेच, मधुमेहासाठी तर तो मोठा आहे. पण भाताचा ढीग दिसतो, दुसऱ्यांदा वाढून घेताना कळते. तेल कळत नाही. शिवाय ते भातातूनही जाते, फोडणीच्या भातातून. आणि एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हवी: हे सगळे भरल्या डब्याच्या घरांबद्दल आहे. ज्या घरात महिन्याला तेलाची एक पिशवी पुरवून वापरतात, जिथे मूल वजनाने कमी आहे, तिथे घासात घातलेले चमचाभर तेल ही चैन नाही, उपचार आहे.

चव न मारता तेल कमी कसे होते याचे धडे इथल्याच मातीत आहेत. छत्तीसगडी फरा हा तांदळाच्या पिठाचा पदार्थ वाफेवर शिजतो आणि शेवटी तिळाची जेमतेम फोडणी घेतो. ठेठरी बेसनाची, ती मात्र कढईत पोहते. तळणीतही वाव आहे. पदार्थ तेलात असताना आतली वाफ बाहेर रेटत असते, त्यामुळे तेल फारसे आत जात नाही. ते शिरते मुख्यतः बाहेर काढल्यावर, वाफ आवळून पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते तेव्हा. म्हणून झारा कढईवरच झटकायचा, गरम असतानाच, ताटलीत ढीग घालून नंतर नाही. भाजीच्या फोडणीला बुधलीच्या तोंडाऐवजी चमचा वापरायचा, वाटण तळाला लागू लागले तर तेलाऐवजी पाण्याचा हबका द्यायचा. मसाला शिजला की नाही ते नाकाला विचारायचे.

2025 च्या सुरुवातीला पंतप्रधानांनी तेल दहा टक्के कमी करा असे सांगितले, तेव्हा घरोघरी माना डोलल्या. दहा टक्के कशाचे, हे मात्र फारच थोड्या घरांना सांगता आले असते. येत्या एक तारखेला नवा कॅन फोडाल तेव्हा त्यावर पेनने तारीख लिहा, आणि तो संपेल त्या दिवशी दुसरी. मग माणसे मोजा आणि भागाकार करा.