सर, लेटरचं काय झालं?

चाकणच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात जवळपास चार वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काम केलेला तरुण नोकरी बदलतो, असं समजू. नवी कंपनी कागदपत्रांची पडताळणी सुरू करते. तो जुन्या साहेबांना व्हॉट्सॲपवर लिहितो : "सर, लेटरचं काय झालं? नवीन कंपनीवाले मागे लागलेत. प्लीज लवकर करा ना." साहेबांचं उत्तर येतं, "बघतो." पंधरा दिवस उलटतात आणि पत्र काही येत नाही.

या संदेशात उद्धटपणा अजिबात नाही. अडचण वेगळीच आहे. साहेबांनी तो एचआरकडे पाठवला, तरी तिथल्या माणसाला त्यावरून एकही पत्र तयार करता येत नाही. हा नेमका कोण, कायम कामगार की कंत्राटदाराकडचा, शेवटचा दिवस कोणता, राजीनामा मंजूर झाला होता का, आणि 'लेटर' म्हणजे कोणतं?

कारण इथे कागद दोन आहेत. कार्यमुक्ती पत्र, म्हणजे रिलिव्हिंग लेटर, राजीनामा स्वीकारून अमुक तारखेपासून माणसाला कामातून मोकळं केल्याचं सांगतं. अनुभव प्रमाणपत्र सांगतं की तो केव्हापासून केव्हापर्यंत आणि कोणत्या पदावर होता. काही कंपन्या दोन्ही मजकूर एकाच पत्रात देतात, पुष्कळ ठिकाणी ते वेगळे निघतात. नुसतं 'लेटर' मागणाऱ्याला बहुधा एकच मिळतं, आणि दुसऱ्यासाठी पुन्हा विनवण्या कराव्या लागतात.

तीच विनंती ईमेलमध्ये अशी लिहिता येईल :

विषय : कार्यमुक्ती पत्र व अनुभव प्रमाणपत्र मिळण्याबाबत (कर्मचारी क्र. ११८७)

महोदय,
मी आपल्या कंपनीत ३ जून २०२१ ते ३१ मार्च २०२५ या काळात क्वालिटी इन्स्पेक्टर या पदावर काम केले. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी दिलेला माझा राजीनामा मंजूर झाला असून ओळखपत्र व मोजमापाची साधने मी जमा केली आहेत. राजीनामा मंजुरीची प्रत सोबत जोडली आहे. नव्या नोकरीच्या पडताळणीसाठी मला वरील दोन्ही कागदपत्रांची आवश्यकता आहे. ती शक्यतो २५ एप्रिलपर्यंत या ईमेलवर पाठवावीत, ही विनंती. माझ्याकडून काही पूर्तता राहिली असल्यास कृपया कळवावे.

खाली पूर्ण नाव आणि फोन नंबर. ईमेल एचआरला जातो, साहेबांना प्रत. कंपनीचा ईमेल आयडी बहुतेक वेळा शेवटच्या दिवशीच बंद होतो. पत्र खासगी पत्त्यावरून जात असल्यामुळे कर्मचारी क्रमांक विषयातच असलेला बरा.

या मसुद्यातलं सौजन्य 'कृपया'पेक्षा तारखांमध्ये अधिक आहे. वाचणाऱ्याला जुन्या फाइली उपसाव्या लागत नाहीत, हाच त्याचा खरा मान. मात्र तारखा अंदाजाने लिहू नयेत. ईमेलमध्ये एक तारीख आणि पीएफच्या नोंदीत दुसरी असली, की पडताळणी तिथेच अडते. पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरलेली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासदाला ती स्वतः नोंदवता येते.

औपचारिक लिहायला बसलं की पुष्कळांचा हात नको तिथे नमतो. 'आपल्या अमूल्य वेळातून', 'मोठ्या मनाने', 'झाल्या-गेल्या चुकीबद्दल क्षमा असावी'. पहिल्या दोन शब्दप्रयोगांनी फक्त वेळ जातो, तिसरा घातक ठरू शकतो. नोटीस कालावधी पूर्ण केलेल्या माणसाने उगाच क्षमा मागितली, तर नोटीस अपुरी होती असा अर्थ काढायला जागा मिळते. भाषा मवाळ करताना हकिगत बदलता कामा नये. थकलेल्या पगाराची तक्रारही या ईमेलात नको. तो विषय अकाउंट्सचा आहे. हिशेब मिटेपर्यंत पत्रही थांबवायचं, असं निमित्त त्यातून आयतं मिळतं.

नोटीस न देता नोकरी सोडली असेल, तर सभ्य भाषेनेही सगळं साधत नाही. कंपनी कार्यमुक्ती पत्र अडवून धरू शकते. तरी झालेल्या कामाचं प्रमाणपत्र ही वेगळी मागणी आहे आणि ती जरूर करावी. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना आदेशांतही सेवेतून बडतर्फ झालेल्या कायम कामगाराला सेवा-प्रमाणपत्राचा हक्क दिलेला होता. ते मिळेपर्यंत नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक नव्या कंपनीला दाखवता येतं.

आठवडाभरात उत्तर आलं नाही, तर नवा ईमेल लिहू नये. जुन्यावरच दोन ओळींचं स्मरणपत्र पाठवावं, म्हणजे पहिली मागणी कोणत्या तारखेला केली ते त्याच पानावर दिसत राहतं. राजीनामा मंजुरीचा ईमेल मात्र कंपनीचा आयडी बंद होण्याआधीच आपल्या खासगी पत्त्यावर पाठवून ठेवावा.